हॅशटॅगमधली कॅपिटल अक्षरं: आमच्याकडून पोस्ट करून घेणाऱ्या दुकानदारांसाठी

गेल्या काही महिन्यांत आम्ही तुमच्या पोस्टमधले हॅशटॅग थोडे वेगळे लिहायला लागलो आहोत. काहींनी फोन करून विचारलं, "मध्येच मोठी अक्षरं कशाला? टाइप करताना चुकलं का?" चुकलेलं नाही. त्यामागचं कारण या पानावर दिलं आहे.

ऐरोलीतल्या एका थाळीवाल्या ताईंचं उदाहरण घेऊ. त्यांच्या प्रत्येक पोस्टखाली हा टॅग असायचा:

```
#airolivegthali
```

तुम्ही-आम्ही तो पाहिला की "ऐरोली व्हेज थाळी" असं लगेच कळतं, कारण ऐरोली आपल्याला ठाऊक आहे. पण त्यांच्याकडे रोज डबा घेणारे एक गृहस्थ दृष्टिहीन आहेत. त्यांचा फोन पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. या सोयीला स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर. ते ताईंना म्हणाले, "बाकी मेनू नीट ऐकू येतो, पण शेवटी काय बडबड असते ती कळत नाही."

फोनमधल्या आवाजाला ही चौदा अक्षरं म्हणजे एकच शब्द वाटतो. तो शब्द कोशात नसतो, म्हणून उच्चार अंदाजाने जुळवला जातो. अक्षरं नीट पाहा: airolivegthali मध्ये air आहे, पुढे olive आहे. ताईंची थाळी अशी हवेतल्या ऑलिव्हपर्यंत पोचू शकते! वाशीचा सेलही यातून सुटत नाही. `#vashisale` हा टॅग `Vashi Sale` असा फोडता येतो, तसाच `Vashis Ale` असाही.

उपाय एवढाच की प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल करायचं:

```
#AiroliVegThali
```

लहान अक्षरानंतर मोठं अक्षर आलं की बहुतेक स्क्रीन रीडरचा आवाज तिथे नवा शब्द सुरू झाला असं धरतो आणि तीन शब्द सुटे बोलतो. या लिहिण्याला कॅमल केस म्हणतात (मधली मोठी अक्षरं उंटाच्या मदारीसारखी वर येतात). पहिलं अक्षरही मोठं असेल तर काही जण पास्कल केस म्हणतात. नावात अडकू नका.

"मग जुना टॅग शोधणाऱ्यांना आमची पोस्ट दिसणार नाही का?" ही शंका हमखास येते. दिसेल. लहान-मोठ्या अक्षरांनी हॅशटॅग बदलत नाही. दोन्ही एकाच ठिकाणी नेतात. मात्र सगळीच अक्षरं मोठी करू नका. `#AIROLIVEGTHALI` मध्ये शब्द कुठे संपतो याची खूण पुन्हा पुसली जाते.

याला मर्यादाही आहे. कॅपिटलमुळे शब्द सुटतात, उच्चार सुधारत नाही. इंग्रजी आवाज "थाळी"तला ळ म्हणणार नाही, "थाली"सारखं काहीतरी म्हणेल. तरी ऐकणाऱ्याला अर्थ लागतो, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे.

देवनागरीत कॅपिटल अक्षर नाहीच. तिथे आम्ही शब्दांमध्ये अंडरस्कोर देतो: `#ऐरोली_व्हेज_थाळी`. पण हा टॅग `#ऐरोलीव्हेजथाळी` पेक्षा वेगळा धरला जातो. म्हणून दोन्हीतला एक ठरवा आणि कायम तोच वापरा. रिकामी जागा किंवा हायफन `-` मात्र देऊ नका, टॅग तिथेच तुटतो.

तुम्ही स्वतः पोस्ट टाकत असाल तर एका ठिकाणी सावध राहा. टॅग लिहायला सुरुवात केली की अॅप खाली तयार टॅगची यादी दाखवतं. त्यातला निवडलात तर तो बऱ्याचदा सगळ्या लहान अक्षरांत येतो आणि तुम्ही दिलेली कॅपिटल जातात. आमच्याकडूनही सुरुवातीला हेच व्हायचं. यादीकडे दुर्लक्ष करून टॅग शेवटपर्यंत टाइप करा, पोस्ट टाकल्यावर एकदा डोळ्यांखालून घाला.

कानाने तपासायचं असेल तर अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक सुरू करा आणि आपल्या पोस्टवर बोट ठेवा. तो सुरू असताना एकदा टेकवलं की फक्त वाचलं जातं. बटण दाबायला दोनदा टेकवावं लागतं. हे माहीत नसलं तर फोन अडकला असं वाटून घाबरायला होतं. बंद करतानाही दोनदाच टेकवा.

बॅनरच्या चित्रात छापलेला टॅग साधारणपणे ऐकू येत नाही, म्हणून तो आम्ही खालच्या मजकुरातही लिहितो, आणि शेवटी लिहितो, म्हणजे मेनू आणि भाव आधी ऐकू येतात.

जुने टॅग बदलून देण्याचे वेगळे पैसे नाहीत. आम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवताना मात्र शब्द सुटे लिहून पाठवा. जोडून पाठवलेत तर नेमके कुठे फोडायचे याचा अंदाज आम्हालाही बांधावा लागतो.