किडीचा शेवटचा थर : काढायचा की ठेवायचा?

खोल किडलेल्या दाढेत काम करताना एक टप्पा हमखास येतो. कडेची सगळी कीड निघालेली असते, पण तळाशी तपकिरी, चामड्यासारखे चिवट डेंटिन, म्हणजे दाताच्या कठीण कवचाखालचा थर, शिल्लक असते. त्याच्याखाली अर्धा-एक मिलिमीटरवर पल्प, म्हणजे दाताची जिवंत मज्जा. हा थर खरवडला तर पल्प उघडा पडण्याची भीती, ठेवला तर कीड आत कोंडल्याची धाकधूक. थर ठेवून त्यावर सिमेंट आणि पक्का भराव केला, तर त्याला इनडायरेक्ट पल्प कॅपिंग म्हणतात. पल्प उघडा पडला आणि त्या छिद्रावरच औषध बसवले, तर ते डायरेक्ट पल्प कॅपिंग. नावे जोडीची असली तरी दोन्हींचा इतिहास वेगवेगळ्या वाटांनी गेला आहे. आज खोल किडीत पहिली पसंती इनडायरेक्टला का मिळते, याचे उत्तर त्या वाटांमध्ये आहे.

डायरेक्ट कॅपिंगची सुरुवात जुनी आहे. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचा दंतवैद्य फिलिप फाफ याने १७५६ साली आपल्या पुस्तकात उघड्या पल्पवर सोन्याच्या पातळ पत्र्याचे छोटे टोपण बसवण्याची रीत लिहिली. पत्र्याला असा बाक द्यायचा की तो पल्पला टेकणार नाही. कल्पना चांगली होती, पण जंतूंचा पत्ता कोणालाच नव्हता. जखमेला झाकण हवे एवढेच कळले होते. झाकणाखाली काय अडकते आणि कडेने काय शिरते, हे कळायला आणखी दोन शतके जावी लागली.

थर ठेवण्याची बाजू १८५९ साली लंडनच्या जॉन टोम्स यांनी मांडली. पल्पच्या रक्षणासाठी रंग बदललेल्या डेंटिनचा थर राहिला तरी चालेल, दात गमावण्याचा धोका पत्करू नये, असे त्यांचे मत. अमेरिकेतील जी. व्ही. ब्लॅक यांनी १९०८ साली नेमके उलटे लिहिले : मऊ डेंटिनखाली पल्प झाकून ठेवण्यापेक्षा तो उघडा पडलेला बरा. ब्लॅक यांचा दबदबा एवढा होता की पुढची कित्येक दशके ‘सगळी कीड काढा’ हाच शिरस्ता राहिला. त्याच्या जोडीला १९२०च्या दशकात जर्मनीतून ‘उघडा पल्प हा गमावलेलाच अवयव’ हे मत रूढ झाले. ही दोन मते एकत्र ठेवून पाहा : कीड पूर्ण काढायची, त्यात पल्प उघडा पडला तर तो गेला म्हणायचे. असंख्य जिवंत दातांची मज्जा या हिशेबात गेली असणार.

याच काळात जर्मनीतच हर्मन यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइड दंतोपचारात आणले, आणि त्याखाली उघड्या पल्पवर नवे डेंटिन धरते हे १९३०च्या सुमारास दाखवले. या औषधाचा सामू बाराच्या वर असतो. पल्पला टेकताच ते वरचा अगदी पातळ थर जाळते, आणि त्या जळक्या थराखालच्या पेशी कठीण ऊतीचा पूल बांधू लागतात. पुढची पन्नास-साठ वर्षे हेच औषध मानदंड राहिले. त्यात दोन उणिवा मात्र होत्या. डेंटिनला ते चिकटत नाही आणि काळाने विरघळते, त्यामुळे भरावाखाली पोकळी उरते. शिवाय त्याच्याखाली तयार झालेल्या पुलात अनेकदा आरपार बोगदे असतात. एक्स-रेत पूल भक्कम दिसतो, पण जंतूंना त्यातून वाट असते.

खरी कलाटणी १९६५ सालच्या एका प्रयोगाने मिळाली. काकेहाशी, स्टॅन्ले आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांना छिद्र पाडून पल्प उघडा केला आणि तसाच सोडला, ना औषध ना भराव. काही उंदीर नेहमीचे होते, काही जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढवलेले. नेहमीच्या उंदरांत आठवडाभरात पल्प मरू लागला आणि मुळाच्या टोकाशी गळवे झाली. जंतुविरहित उंदरांच्या छिद्रात अन्न आणि केस अडकलेले असूनही पल्प जिवंत राहिला, आणि महिनाभरात त्यावर डेंटिनचा पूलही बांधला गेला. म्हणजे पल्प नाजूक म्हणून मरत नाही. तो जंतूंमुळे मरतो.

या एका निष्कर्षाने दोन गोष्टी उलगडतात. एक, पडल्यामुळे दात तुटून उघडा पडलेला पल्प आणि किडीतून उघडा पडलेला पल्प यांना एका मापाने मोजता येत नाही. पहिल्यात काही तासांपूर्वीपर्यंत निरोगी असलेली ऊती असते. दुसऱ्यात महिनोन्‌महिने जंतूंचा मारा झालेला असतो आणि छिद्राच्या तोंडाशी सूज आधीच असते. दोन, तळाचा थर ठेवण्यात तथ्य आहे. जंतू आणि पल्प यांच्यात सुमारे एक मिलिमीटर डेंटिन असेल तर पल्पमधली सूज किरकोळ असते. ते अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आत आले की ती झपाट्याने वाढते. आणि वरचा भराव घट्ट असेल तर ठेवलेल्या थरातल्या जंतूंना बाहेरून साखर मिळत नाही. कीड थांबते, डेंटिन कोरडे आणि कडक होते.

मानवी दातांत याची पडताळणी झाली ती डेन्मार्कमधील लार्स ब्यॉर्नडाल आणि सहकाऱ्यांच्या चाचणीत, जिचे पहिले निष्कर्ष २०१० साली आले. ३१४ प्रौढांच्या खोल किडलेल्या दातांपैकी निम्म्यांत एकाच बैठकीत पूर्ण कीड काढली. उरलेल्यांत तळाचा मऊ थर ठेवून तात्पुरता भराव केला आणि ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा उघडून उरलेले काढले. पल्प उघडा पडण्याचे प्रमाण पहिल्या गटात २८.९ टक्के होते, दुसऱ्यात १७.५. ज्यांचा पल्प उघडा पडला त्यांच्यातल्या काहींना कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे डायरेक्ट कॅपिंग केले, काहींचा वरचा पल्प थोडा कापून मग झाकले. पाच वर्षांनी यश अनुक्रमे ६ आणि ११ टक्के. हे आकडे वाचून डायरेक्ट कॅपिंग कुचकामी ठरवण्याची घाई होते. त्याआधी औषध कोणते होते ते पाहावे.

कारण तोवर दुसरे औषध हाताशी आले होते. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी १९९३च्या सुमारास मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट, म्हणजेच एमटीए हे सिमेंट आणले. मूळ घटक बांधकामाच्या पोर्टलंड सिमेंटचे, त्यात एक्स-रेत दिसावे म्हणून बिस्मथ ऑक्साइड. ते ओलाव्यातच घट्ट होते, घट्ट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड सोडत राहते आणि विरघळून जात नाही. म्हणजे जुन्या औषधाचा गुण राहिला आणि गळतीचा दोष बराचसा गेला. उणिवा याच्याही आहेत : पूर्ण घट्ट व्हायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात, आणि बिस्मथमुळे दात राखाडी पडतो, म्हणून पुढच्या दातांत ते टाळतात. नंतर आलेले बायोडेंटिन साधारण बारा मिनिटांत घट्ट होते, आणि त्यात बिस्मथऐवजी झिर्कोनियम ऑक्साइड आहे.

आता हे सगळे एका दाढेवर उतरवून पाहू. तिशीच्या आतली व्यक्ती, खालची पहिली दाढ. थंड पाण्याने कळ येते आणि चार-पाच सेकंदांत जाते. रात्री झोपमोड नाही, ठोकल्यावर दुखत नाही. एक्स-रेत कीड डेंटिनच्या आतल्या चौथ्या भागात पोहोचली आहे, पण ती आणि पल्प यांच्यामध्ये पांढरी रेघ स्पष्ट दिसते. मुळाच्या टोकाशी काळसर डाग नाही. इनडायरेक्ट कॅपिंगसाठी ही दाढ योग्य.

बधिर करून रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा, लावायचा. तो नसेल तर लाळ आत येते आणि पुढचे सगळे फुकट जाते. आधी खड्ड्याच्या भिंती आणि कडा. तिथे गोल बरने, म्हणजे ड्रिलच्या गोल टोकाने, कडक, खरखरीत आवाज करणाऱ्या डेंटिनपर्यंत जायचे, काही शिल्लक ठेवायचे नाही, कारण भरावाची पकड तिथेच बसते. मग तळ. तिथे बर बाजूला ठेवून एक्स्कव्हेटर, म्हणजे छोट्या चमच्यासारखे हत्यार, घ्यायचा आणि ओले, लिबलिबीत ते हलक्या हाताने उचलायचे. थर चिवट लागू लागला, चामड्यासारखा सोलून निघू लागला, की थांबायचे. रंगावर जायचे नाही. तपकिरी डेंटिन कडकही असू शकते. त्यावर एमटीए किंवा बायोडेंटिनसारखे कॅल्शियम सिलिकेट सिमेंट किंवा ग्लास आयोनोमर, आणि शक्यतो त्याच बैठकीत कायमचा भराव. डेन्मार्कच्या पद्धतीतली दुसरी बैठक हल्ली बरेच जण टाळतात. पुन्हा उघडताना पल्प उघडा पडण्याचा धोका असतो. त्यापेक्षा साधे कारण म्हणजे माणसे दुसऱ्या बैठकीला येत नाहीत, आणि तात्पुरता भराव कडेने गळू लागतो.

समजा, त्याच दाढेत एक्स्कव्हेटर थोडा जास्त गेला आणि तळाशी रक्ताचा लाल ठिपका दिसला. आता डायरेक्ट कॅपिंग, पण इथे रक्तच निदान सांगते. २.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा हलकेच टेकवून पाच मिनिटे ठेवायचा. सिरिंजने जोरात मारा करायचा नाही. रक्त थांबले, तर छिद्रावर रक्ताची गुठळी न ठेवता एमटीए किंवा बायोडेंटिन बसवायचे, कारण गुठळी मध्ये आली की औषध पल्पला टेकत नाही. पाच मिनिटांनीही रक्त झिरपतच राहिले, तर वरची ऊती सुजलेली आहे असे समजायचे. तिथे नुसते झाकण घालून उपयोग नाही. पाण्याच्या फवाऱ्याखाली डायमंड बरने दोनेक मिलिमीटर पल्प कापून पुन्हा तोच बोळा. ही अंशतः पल्पोटॉमी. पडून तुटलेल्या पुढच्या दातांसाठी स्वीडनमधील त्स्वेक यांनी १९७८ साली याच पद्धतीचे उत्तम निकाल मांडले होते. तरीही थांबत नसेल, तर मुळांच्या तोंडापर्यंतचा सगळा पल्प काढायचा. आणि मुळांच्या तोंडाशीही रक्त थांबले नाही, तर रूट कॅनाल. छिद्रातून रक्ताऐवजी पू आला किंवा काहीच आले नाही, तर कॅपिंगचा विषयच संपतो.

या बाबतीत तज्ज्ञांचे एकमत नाही. पल्पच्या उपचारांचे शास्त्र पाहणाऱ्या युरोपीय एंडोडोंटॉलॉजी संस्थेने २०१९ साली खोल किडीत पल्प उघडा पडू न देण्यावर भर दिला. अमेरिकी एंडोडोंटिस्ट संघटनेच्या २०२१च्या निवेदनाचा कल भिंगाखाली पूर्ण कीड काढण्याकडे आहे. पल्पचे खरे रूप पाहिल्याशिवाय ठरवू नये, हा त्यामागचा युक्तिवाद. टोम्स आणि ब्लॅक यांचाच वाद, फक्त सिमेंट सुधारलेले. भिंग, रबर डॅम आणि सवयीचा हात नसेल तिथे युरोपीय सल्ला जास्त सुरक्षित वाटतो.

कॅपिंग फसते ते बहुधा गाजावाजा न करता. पहिल्या काही दिवसांत थंडाची हलकी कळ चालते. कळ मिनिटभर रेंगाळू लागली, दात आपोआप किंवा रात्री ठणकू लागला, तर पल्पमधली सूज मागे फिरलेली नाही. अवघड प्रकार दुसरा : काहीच दुखत नाही आणि पल्प मुकाट्याने मरतो. म्हणून सहा महिन्यांनी आणि वर्षाने थंडाची चाचणी आणि एक्स-रे दोन्ही लागतात. थंडाला प्रतिसाद आणि टोकाशी स्वच्छ हाड दिसले, तर दात जिवंत आहे. प्रतिसाद नाही आणि टोकाशी काळसर वर्तुळ धरू लागले आहे, तर रूट कॅनालला घ्यायचा. मात्र मधल्या काळात मुळाच्या कालव्यात चुना साचून तो अरुंद झालेला असू शकतो, आणि मग तेच काम वर्षापूर्वीपेक्षा कठीण जाते.