जुनं न पुसता नवं लिहिणं : दोन बँकांच्या फर्मवेअर अपडेटची पार्श्वभूमी

अपडेट चालू असताना वीज गेली की उपकरण कायमचं बंद पडतं, ही भीती फर्मवेअरइतकी, म्हणजे उपकरणाच्या चिपमध्येच राहणाऱ्या प्रोग्रॅमइतकी, जुनी नाही. सुरुवातीच्या उपकरणांत ती नव्हतीच, कारण अपडेटच नव्हतं. प्रोग्रॅम कारखान्यात रॉममध्ये कोरला जाई आणि बदलायचा तर चिप बदलावी लागे. इंटेलमध्ये डॉव फ्रोहमन यांनी १९७१ मध्ये ईप्रॉम आणली. तिच्या पाठीवरच्या काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश १५-२० मिनिटं पाडला की ती कोरी व्हायची. पण त्यासाठी चिप सॉकेटमधून काढून वेगळ्या यंत्रावर न्यावी लागे. त्या यंत्राची वीज गेली तर पुन्हा पुसायचं आणि पुन्हा लिहायचं, एवढाच त्रास. जुनी चिप हातात असायची.

धोका फ्लॅशबरोबर आला. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी मांडली आणि १९८८ मध्ये इंटेलने तिची नॉर जातीची चिप बाजारात आणली. आता चिप बोर्डावरच राहून स्वतःला पुसून नवा प्रोग्रॅम घेऊ शकत होती. सोय मोठी होती, पण तिच्यात एक पेच होता. फ्लॅशमध्ये शून्याचा एक करायचा तर अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि पुसणारा प्रोग्रॅम त्याच चिपमध्ये राहत असतो. तो स्वतःला रॅममध्ये हलवतो, चिप पुसतो आणि लिहू लागतो. या मधल्या वेळेत वीज गेली की पुन्हा सुरू होताना प्रोसेसरला वाचायला काहीच उरत नाही.

यावरचं पहिलं मोठं उत्तर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या बूट ब्लॉक चिपांनी दिलं. इंटेलच्या 28F001BX या १२८ किलोबाइटच्या चिपमध्ये ११२ किलोबाइटचा एक मुख्य ब्लॉक, ४-४ किलोबाइटचे दोन छोटे ब्लॉक आणि ८ किलोबाइटचा बूट ब्लॉक होता. एका ठरावीक पिनेवर १२ व्होल्ट दिल्याशिवाय हा बूट ब्लॉक पुसता येत नसे. बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांनी या ८ किलोबाइटमध्ये जेमतेम जगण्यापुरता कोड ठेवला. मुख्य ब्लॉकची बेरीज जुळली नाही तर तो फ्लॉपीवरून नवा बायोस मागायचा. मला हा टप्पा सर्वांत निर्णायक वाटतो, कारण पुढची सगळी रचना इथल्या एका नियमावर उभी आहे: काहीतरी असं असावं, ज्याला अपडेट कधीच हात लावत नाही. पण बूट ब्लॉक फक्त वाचवतो. उपकरण काम करू लागायला कुणीतरी फ्लॉपी घेऊन जवळ जावं लागतं. खांबावर किंवा बंद पेटीत बसवलेल्या उपकरणाला याचा उपयोग नाही. दोन बँकांची, म्हणजे फ्लॅशच्या दोन स्वतंत्र भागांची, गरज तिथून निघाली. जुना प्रोग्रॅम आपल्या जागी अबाधित राहू द्यायचा, नवा दुसऱ्या बँकेत लिहायचा आणि पूर्ण झाल्यावरच बँक बदलायची.

हे किती फरक पाडतं ते आकड्यांत पाहू. STM32L476 हा एक नेहमीचा मायक्रोकंट्रोलर घ्या. त्यात १ मेगाबाइट फ्लॅश असते, ५१२-५१२ किलोबाइटच्या दोन बँकांत विभागलेली. एका बँकेतून कोड चालू असताना दुसरीत लिहिता येतं, त्यामुळे अपडेट चालू असतानाही उपकरण आपलं काम करत राहतं. पुसण्याचं एकक २ किलोबाइटचं पान, लिहिण्याचं एकक ८ बाइट. पान पुसायला साधारण २२ मिलिसेकंद आणि ८ बाइट लिहायला साधारण ८२ मायक्रोसेकंद लागतात. प्रोग्रॅम ३०० किलोबाइटचा असेल तर १५० पानं पुसायला ३.३ सेकंद आणि ३८,४०० वेळा लिहायला सुमारे ३.१ सेकंद. म्हणजे एकाच प्रतीवर काम करणाऱ्या उपकरणात जवळपास साडेसहा सेकंद असे असतात, की त्यात वीज गेली तर सगळं संपलं. दोन बँकांच्या रचनेत त्या साडेसहा सेकंदांत वीज गेल्यास फक्त नव्या बँकेचं नुकसान होतं. निर्णायक क्षण उरतो शेवटच्या ८ बाइटचा, म्हणजे ८२ मायक्रोसेकंदांचा, आणि पुढे सांगितलेली काळजी घेतली असेल, तर तोही अर्धवट राहिला तरी जुना प्रोग्रॅम सुरू होतो.

हे घडवायला क्रम पाळावा लागतो. आधी रिकाम्या बँकेतली सगळी पानं पुसायची, शीर्षकाच्या, म्हणजे प्रोग्रॅमची माहिती ठेवणाऱ्या, पानासकट. मग प्रोग्रॅमचा मजकूर लिहायचा. मग तो फ्लॅशमधून परत वाचून चेकसम, म्हणजे सगळ्या बाइटांवरून निघणारा पडताळणीचा अंक, काढायचा. डाउनलोड होताना रॅममधल्या बाइटांचा काढलेला चेकसम इथे चालत नाही, कारण तो फ्लॅशमध्ये काय उतरलं याबद्दल काहीच सांगत नाही. ही चूक फार आढळते. जुळल्यावर शीर्षकात लांबी, अनुक्रमांक आणि चेकसम लिहायचे, आणि अगदी शेवटी ८ बाइटची खूण. वीज आल्यावर कुठली बँक चालवायची ते ठरवणाऱ्या बूटलोडरचं काम मग छोटं राहतं:

```c
best = -1;
for (i = 0; i < 2; i++) {
    if (h[i]->magic != MAGIC) continue;
    if (h[i]->len > MAX_LEN) continue;
    if (crc32(body[i], h[i]->len) != h[i]->crc) continue;
    if (best < 0 || h[i]->seq > h[best]->seq) best = i;
}
```

दुसरी अट अनावश्यक दिसते, पण ती काढू नका. शीर्षकातली लांबी बिघडलेली असेल, तर चेकसम काढणारा कोड फ्लॅशच्या हद्दीबाहेर वाचायला जातो आणि बूटलोडरच अडकतो. म्हणजे उपकरण वाचवायला ठेवलेला कोडच त्याला मारतो.

चेकसमचाही स्वतंत्र इतिहास आहे. पीसीच्या जुन्या रॉममध्ये सगळ्या बाइटांची बेरीज करून शेवटचा बाइट शून्य येतो का, एवढंच बघत. दोन बाइटांची अदलाबदल या बेरजेला दिसत नाही, आणि यदृच्छेने बिघडलेला मजकूर २५६ पैकी एकदा पास होतो. डब्ल्यू. वेस्ली पीटरसन यांनी १९६१ मध्ये मांडलेली चक्रीय तपासणी, म्हणजे सीआरसी, ही उणीव भरून काढते. ३२ बिटी सीआरसी सलग ३२ बिटांपर्यंतचा कुठलाही एकच बिघाड नक्की पकडते आणि पूर्ण यदृच्छ मजकूर सुमारे ४२९ कोटींत एकदाच सुटतो. अर्ध्यात थांबलेल्या लिखाणासाठी हे पुरेसं आहे. कुणी मुद्दाम बदललेल्या प्रोग्रॅमसाठी मात्र सीआरसीचा काही उपयोग नाही, कारण ती कुणालाही जुळवून घेता येते. तिथे डिजिटल सहीच हवी. आणखी एक बारीक गोष्ट: सुरुवातीचा अंक शून्य धरणारी आणि शेवटी उलट न करणारी सीआरसी सगळ्या शून्यांच्या मजकुरावर शून्यच देते, म्हणजे पूर्ण शून्य झालेली बँक शून्य चेकसमसह 'बरोबर' ठरते. म्हणून सुरुवात सगळ्या एकांनी करणारा प्रकार घ्यावा.

आता त्या ८२ मायक्रोसेकंदांकडे परत. खूण लिहिताना नेमकी वीज गेली तर काय दिसतं? या चिपमध्ये दर ८ बाइटांमागे ८ दुरुस्ती बिट असतात. अर्धवट लिहिलेले ८ बाइट वाचले तर चिपला दोन बिटांची चूक सापडू शकते आणि ती एनएमआय हा न टाळता येणारा व्यत्यय उठवते. तयार प्रोजेक्टांत या व्यत्ययाचा हँडलर बहुधा रिकामा अनंत फेरा असतो. मग बूटलोडर खूण वाचतो, हँडलरमध्ये शिरतो आणि तिथेच फिरत राहतो. जुनी बँक शाबूत असते, चेकसम बरोबर असतो, पण उपकरण सुरू होत नाही. आणि वीज बंद-चालू केल्यावरही तेच घडतं, कारण तेच बाइट पुन्हा वाचले जातात. डीबगर लावल्यावर प्रोग्रॅम काउंटर एनएमआयच्या हँडलरमध्ये थांबलेला दिसतो आणि FLASH_ECCR रजिस्टरमध्ये ECCD बिट उभा असतो. उपाय असा, की हँडलरने तो बिट पाहावा, पुसावा, त्या बँकेला अवैध ठरवावं आणि परतावं. टेबलावर हे सहसा सापडत नाही, कारण हाताने प्लग ओढून ८२ मायक्रोसेकंदांच्या खिडकीत पोचणं जवळपास अशक्य असतं. त्यासाठी रिलेने किंवा मॉसफेटने ठरवलेल्या उशिराने वीज तोडणारी चाचणी लावावी लागते, आणि तो उशीर दर वेळी थोडा सरकवावा लागतो.

याच जातीची दुसरी अडचण पुसण्यात आहे. पुसताना वीज गेलेलं पान कधीकधी पूर्ण कोरं दिसतं, पण त्यातल्या पेशींतला भार सीमेवर असतो. आज एक वाचलेला बिट उद्या तापमान बदलल्यावर शून्य वाचला जाऊ शकतो. लिनक्सच्या यूबीआयएफएस फाइल प्रणालीच्या लोकांनी हा अस्थिर बिटांचा प्रश्न नोंदवून ठेवला आहे. म्हणून 'पान कोरं आहे, पुसायचं वाचवू' ही हुशारी करू नये. अपडेट अर्ध्यात तुटलं असेल तर दुसऱ्या वेळी सगळं नव्याने पुसून घ्यावं. ३.३ सेकंद वाचवण्यासाठी हा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

चेकसम एवढंच सांगतो, की जे पाठवलं तेच उतरलं. पाठवलेला प्रोग्रॅमच चालू होऊन अडकत असेल तर चेकसम बरोबरच येईल. हे ओळखून क्रोम ओएसने प्रत्येक कर्नल विभाजनाला तीन नोंदी दिल्या: प्राधान्य, उरलेले प्रयत्न आणि यशस्वी झाल्याची खूण. नव्या बाजूला मोजकेच प्रयत्न मिळतात. नव्या प्रणालीने चालू होऊन 'मी ठीक आहे' असं सांगितलं तरच ती कायम होते, नाहीतर जुनी बाजू परत येते. २०१६ च्या अँड्रॉइड ७.० ने हीच पद्धत फोनमध्ये आणली. छोट्या उपकरणांत हे काम प्रोग्रॅम अडकला की उपकरण पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग आणि प्रयत्नांची एक मोजणी करतात. 'मी ठीक आहे' कधी म्हणायचं, हा प्रश्न मात्र अवघड आहे. नुसता मुख्य फेरा सुरू होणं पुरेसं नाही. पुढचं अपडेट ज्या मार्गाने येणार तो मार्ग, म्हणजे मोडेम किंवा नेटवर्क, नव्या प्रोग्रॅमला एकदा तरी वापरता आला पाहिजे. नाहीतर उपकरण चालू राहील, पण दुरुस्त करता येणार नाही.

किंमत जागेत मोजली जाते. ३०० किलोबाइटच्या प्रोग्रॅमसाठी ६०० किलोबाइट लागतात, शिवाय कोड कुठल्या पत्त्यावर चालणार हाही प्रश्न येतो. एक तर प्रोग्रॅम दोन पत्त्यांसाठी दोनदा तयार करावा लागतो, किंवा हार्डवेअरनेच बँकांचे पत्ते बदलून द्यावे लागतात. STM32L476 मध्ये BFB2 हा ऑप्शन बिट याचसाठी आहे: तो लावला की चिपच्या रॉममधला कोड सुरू होतो आणि दुसऱ्या बँकेत बूट करण्याजोगं काही आहे का ते बघून तिकडे जातो. पण हा कोड तुमचा सीआरसी ओळखत नाही, आणि ऑप्शन बिट बदलणं हेसुद्धा फ्लॅशमध्ये लिहिणंच आहे. म्हणून मी स्वतःचा छोटा बूटलोडर पसंत करतो. तो पहिल्या बँकेच्या सुरुवातीला बसतो, लिहिण्यापासून संरक्षित असतो आणि कारखान्यातून निघाल्यावर बदलत नाही. त्यात दोष सापडला तर तो दूरवरून सुरक्षितपणे बदलण्याचा मार्ग या रचनेत नाही, कारण त्याची दुसरी प्रत ठेवली तर त्या दोन प्रतींतली एक निवडायला आणखी एक न बदलणारा कोड लागतो.