ठिपक्यांच्या वहीपासून डोक्यावरच्या कॅमेऱ्यापर्यंत

वरून लावलेल्या कॅमेऱ्याखाली दोन हात ठिपके देतात, रेघा जोडतात, रंग भरतात आणि पाऊण मिनिटात रांगोळी पुरी होते. अशा टाइमलॅप्सची मुळं शोधायची तर रांगोळीची नोंद कशी ठेवली जायची, इथून सुरुवात करावी लागते. कारण ही कला दुसऱ्या दिवशीच्या केरसुणीपुरतीच जगते. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 12व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्राच्या प्रकारांमध्ये ‘धूलिचित्र’ असा वेगळा प्रकार सांगितला आहे. भुकटीचं चित्र, म्हणजे टिकणारं नव्हेच.

घरोघरी नोंद असायची ती वहीत. पानावर नक्षी आणि कडेला एवढंच लिहिलेलं: ‘15 ते 8’. अर्थ असा, की मधल्या ओळीत 15 ठिपके, मग वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी करत 8 पर्यंत. पुढच्या ओळीचा ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. एकूण 169 ठिपके होतात आणि षट्कोन तयार होतो. ठिपके हाताने दिले तर अंतर चुकतं, म्हणून वर्तमानपत्राच्या कागदाला उदबत्तीने भोकं पाडून ठेवायची, कागद अंगणात पसरून वरून भुकटी फिरवायची. युक्ती छानच, फक्त भोकं एकमेकांच्या फार जवळ पडली की कागद तिथेच फाटतो.

वहीत नक्षी उरली, क्रम मात्र उरला नाही. पहिली रेघ कोणती, कुठून वळायचं, रंग कधी भरायचा हे शेजारी बसूनच शिकावं लागे. आणि क्रमाला कारण असतं. मधून बाहेर काढत गेलं तर हात, पदर आणि गुडघा कोऱ्या जमिनीवर राहतात. उलट केलं तर काढलेलंच पुसतं. रंग भरताना पांढरी कड झाकली जाते, म्हणून ठिपक्यांच्या रांगोळीत शेवटी तीच रेघ पुन्हा ओढतात. संस्कारभारती पद्धतीत मात्र आधी रंगाचा थर पसरतात आणि त्यावर पांढऱ्या रेघा येतात. (संस्कार भारती ही संस्था 1981 सालची.) पूर्ण झालेल्या रांगोळीच्या फोटोवरून हा फरक चटकन कळत नाही.

संथ गोष्ट थोड्या वेळात दाखवायची कल्पना मराठी माणसाला परकी नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभर रोज त्याची एकेक चौकट टिपली. तो पडद्यावर मिनिटभरात वाढताना दिसला, आणि त्या चित्रणामुळेच पुढच्या चित्रपटासाठी पैसे उभे राहायला मदत झाली.

रांगोळीला दिवसाला एक चौकट चालणार नाही. चाळीस मिनिटांची रांगोळी दर दोन सेकंदांनी टिपली तर 1200 चौकटी मिळतात. सेकंदाला 25 या वेगाने त्या 48 सेकंदांत संपतात. अंतर पाच-सहा सेकंदांचं ठेवलं तर दोन चौकटींमध्ये अख्खी रेघ होऊन जाते. हात नुसता इकडून तिकडे उडी मारतो, चिमूट कशी सुटते ते दिसतच नाही.

कॅमेरा वर का? ठिपक्यांचा षट्कोन समोरून पाहिला की चपटा दिसतो. बरोबर वरून पाहिला तर ओळ कुठे सरकली ते लगेच कळतं. मीटरभर व्यासाच्या रांगोळीसाठी फोनचा नेहमीचा कॅमेरा दीड-पावणेदोन मीटर उंचीवर लागतो. त्याहून खाली आणून रुंद लेन्स वापरली तर चौकटीच्या कडेला गोल ताणले जातात. काढणाऱ्याने चौकटीच्या खालच्या कडेला बसावं, नाहीतर पाऊण व्हिडिओत फक्त भांग दिसतो.

दुसरी अडचण जमिनीची. शेणाने सारवलेलं अंगण गडद आणि किंचित खरबरीत असतं. भुकटी जागच्या जागी बसते आणि उजेड चकाकत नाही. गुळगुळीत फरशीवर रेघ घसरते आणि वरच्या ट्यूबचं प्रतिबिंब नेमकं मधल्या फुलावर पडतं. गेरू लावलेला पाट किंवा फळी घेतली आणि दिवा बाजूला तिरपा ठेवला की दोन्ही त्रास जातात.

तिसरी चूक शेवटी ध्यानात येते. सुरुवातीला चौकट जवळजवळ सगळी गडद असते, मग पांढरं वाढत जातं. कॅमेरा स्वतःहून उजेड जुळवत राहिला तर तो चौकट हळूहळू काळवंडवतो आणि कुंकवासारखा लाल तपकिरी दिसू लागतो. म्हणून पहिल्या ठिपक्याआधी जमिनीवर चिमूटभर पांढरी ठेवून, त्यावर उजेड आणि फोकस दोन्ही पक्के करून मग ती पुसावी.

हात बाजूला झाल्यावर कॅमेरा लगेच बंद करू नये. पुरी झालेली रांगोळी दोन सेकंद दिसायची तर 50 चौकटी हव्यात, म्हणजे शंभर सेकंद तिथेच थांबायचं, पंखा बंद ठेवून.