पीपीएफमधून पैसे काढायचे? आधी वर्षं नीट मोजा

पीपीएफचा पैसे काढायचा अर्ज परत आला की लोक म्हणतात, पाच वर्षं तर झाली ना! झाली, पण तुमच्या कॅलेंडरने, बँक मोजते ती आर्थिक वर्षं आणि तीसुद्धा ज्या वर्षी खातं उघडलं ते वर्ष संपल्यावर. समजा जून २०१९ ला खातं उघडलं, तर मोजणी सुरू होते ३१ मार्च २०२० पासून, म्हणजे पहिली रक्कम निघणार १ एप्रिल २०२५ नंतर. जून २०२४ ला गेलात तर हात हलवत परत. पंधरा वर्षांचं लॉक-इनही असंच मोजतात, त्यामुळे हे खातं पूर्ण होणार ३१ मार्च २०३५ ला.

दुसरा धक्का रकमेचा. अर्धी रक्कम मिळते हे सगळ्यांना माहीत असतं, पण कशाच्या अर्धी हे काउंटरवर कोणी धड सांगत नाही. गेल्या वर्षअखेरची शिल्लक आणि चार वर्षांमागच्या वर्षअखेरची शिल्लक, यात जी कमी ती धरायची आणि तिच्या निम्मी. वरच्याच खात्यात दरवर्षी ५० हजार भरलेत असं धरा. मार्च २०२५ ला शिल्लक साधारण ३ लाख ८३ हजार दिसेल, माणूस १ लाख ९० हजारांच्या हिशोबाने बसलेला असतो, पण २०२५-२६ साठी बघतात मार्च २०२२ ची शिल्लक, ती साधारण १ लाख ७२ हजार, म्हणून हातात येतात ८६ हजारच. आणि हे वर्षातून एकदाच, त्यामुळे फॉर्म २ भरायच्या आधी पासबुक अपडेट करून त्या जुन्या मार्चचा आकडा स्वतः बघा.

एखाद्या वर्षी किमान ५०० रुपये भरायचे राहिले असतील तर खातं खंडित धरतात आणि पैसे काढता येत नाहीत. चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे ५०० आणि ५० रुपये दंड आधी भरा, मग अर्ज. वरची मर्यादा वर्षाला दीड लाख, पण मुलाच्या नावावरचं खातं तुम्ही चालवत असाल तर दोन्ही मिळून दीड लाख बरं का, जास्तीच्या पैशांवर व्याज नाही.

व्याज पासबुकात ३१ मार्चला एकदाच दिसतं म्हणून मधल्या महिन्यांत घाबरू नका, हिशोब मात्र दर महिन्याचा असतो. ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सगळ्यात कमी शिल्लक धरतात. दीड लाख ५ एप्रिलच्या आत न भरता ६ ला भरले तर ७.१ टक्क्यांनी त्या महिन्याचे जवळपास ८८७ रुपये गेले. पैसे काढतानाही तसंच, २८ तारखेला काढलेत तर तेवढ्या रकमेचं अख्ख्या महिन्याचं व्याज बुडतं, घाई नसेल तर पुढच्या महिन्याच्या १ तारखेला काढा.