कळपाला भेग पाडणारा दुसरा चुकीचा माणूस

माणसं मेंढरांसारखी असतात हे सिद्ध करायला मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचा रेघांचा प्रयोग हमखास पुढे केला जातो. परवा पुन्हा एका व्हिडिओत निवेदक ठणकावून सांगत होता, ‘बहुतेक लोक डोळ्यांसमोरचं सत्य नाकारतात.’ अ‍ॅश यांचे आकडे पाहिले तर चित्र जवळजवळ उलटं आहे.

प्रयोग साधा होता. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी पहिलीइतकी लांब कोणती, ते प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं. खोलीत सात ते नऊ तरुण. त्यातला एकच खरा पाहुणा, बाकीचे प्रयोगकर्त्याने पढवलेले. पाहुण्याचा नंबर शेवटी किंवा शेवटून दुसरा. पहिल्या दोन फेऱ्यांत सगळे बरोबर उत्तर देतात आणि कंटाळवाणं वातावरण तयार होतं. तिसऱ्या फेरीत पहिला माणूस शांतपणे चुकीची रेघ सांगतो. दुसराही तीच, तिसराही तीच. आणि फरक डोळ्यात तेल घालून शोधावा इतका बारीक नाही, पाऊण इंचापासून पावणेदोन इंचांपर्यंत आहे.

एकूण अठरा फेऱ्या, त्यातल्या बारांमध्ये हे नाटक. पाहुण्यांच्या साधारण ३७ टक्के उत्तरांनी चुकीच्या बहुमताची री ओढली. एकट्याने उत्तर देताना हीच चूक एक टक्क्याहून कमी होते, म्हणजे दबाव खरा आहे. पण उरलेली ६३ टक्के उत्तरं बरोबर होती आणि सुमारे पाव लोक एकदाही वाकले नाहीत. ‘सामूहिक संमोहन’ वगैरे शब्द इथे निव्वळ हवा भरतात.

मग वाकणाऱ्यांना रेघ खरंच वेगळी दिसली का? नंतरच्या मुलाखतींत तसं म्हणणारे थोडेच निघाले. बऱ्याच जणांना वाटलं होतं की सगळे एकच सांगताहेत म्हणजे घोळ आपल्याच डोळ्यांत असणार. आणि काहींना उत्तर पक्कं माहीत होतं, फक्त वेगळं पडायचं नव्हतं. हे शेवटचे दोन प्रकार वेगळे आहेत, हे विसरलं जातं. एकात आपण इतरांकडून माहिती घेतो, दुसऱ्यात त्यांची नापसंती टाळतो. ते सुटे करण्याची एक युक्ती आहे: पाहुण्याला इतरांची उत्तरं ऐकू द्यायची, पण त्याचं स्वतःचं उत्तर कागदावर लिहून घ्यायचं. माहिती तीच, चारचौघांसमोर बोलणं मात्र टळलं. असं केल्यावर चुका बऱ्याच कमी होतात. पूर्ण जात नाहीत, कारण स्वतःबद्दलची शंका कागदावरही सोबत असते.

मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो पुढचा भाग. चुकीचं सांगणारा समोर एकटाच असेल तर पाहुणा जवळपास ढळत नाही. दोघे झाले की चुका १३.६ टक्के, तिघे झाले की ३१.८. त्यापुढे गर्दी वाढवून फारसा फरक पडत नाही. म्हणून अ‍ॅश यांनी आकड्याऐवजी एकमतालाच हात घातला. पढवलेल्यांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं आणि चुका एक चतुर्थांशावर आल्या. इथे कुणी म्हणेल, साहजिक आहे, पाहुण्याला साक्षीदार मिळाला.

पण मग त्यांनी तो साक्षीदारच बिघडवला. बहुमत मध्यम चुकीची रेघ सांगतं आणि हा गडी त्याहून वाईट, सर्वांत चुकीची. म्हणजे पाहुण्याच्या बाजूने कुणीच नाही, रेघेबद्दल त्याला नवी माहिती शून्य. तरीही चुका फक्त नऊ टक्क्यांवर! खोलीत मतभेद होऊ शकतो आणि तो करणाऱ्याकडे कुणी डोळे वटारत नाही, एवढं दिसणं पुरेसं ठरलं. शिवाय सगळे जण एकच बोलत नसतील तर ‘घोळ माझ्या डोळ्यांत’ हा तर्कही लंगडा पडतो. एकमताला भेग गेली की दोन्ही दबाव एकदम सैल होतात.

मात्र हा सैलपणा टिकाऊ नसतो. एका प्रकारात सोबती पहिल्या सहा फेऱ्या खरं बोलतो आणि मग बहुमतात सामील होतो. पाहुण्याचं धैर्य तिथेच गळतं, चुका जवळजवळ मूळ पातळीवर जातात. सोबती फक्त काम निघाल्याचं सांगून खोलीबाहेर गेला तरीही चुका वाढतात, पण तो उलटल्यावर वाढतात तितक्या नाहीत.

प्रयोगानंतर पाहुण्यांना खरं उत्तर देणाऱ्या सोबत्याबद्दल विचारलं, तेव्हा बहुतेकांनी त्याच्याविषयी आपुलकीने सांगितलं, त्याच्यामुळे धीर आला असंही मान्य केलं. पण ‘त्याच्यामुळे तुम्ही बरोबर उत्तर देऊ शकलात का?’ असं विचारल्यावर ते नाही म्हणाले. ते उत्तर आपलं आपणच दिलं होतं, असं त्यांचं ठाम म्हणणं.