सहा ओळखींचा हिशेब आणि दहा बिंदूंची किमान मर्यादा

‘जगातली कोणतीही दोन माणसं फक्त सहा ओळखींच्या अंतरावर असतात’ हा दावा पुन्हा पुन्हा वाचायला मिळतो आणि त्याचा पुरावा म्हणून एक गुणाकार दिला जातो. प्रत्येकाच्या १०० ओळखी, त्या प्रत्येकाच्या आणखी १००, असं करत सहाव्या पायरीला एक लाख कोटी माणसं होतात. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या आसपास, तेव्हा सगळे आलेच! हा पुरावा नव्हे. तुमच्या दोन मित्रांची आपसात ओळख असली, की तीच माणसं पुन्हा मोजली जातात आणि गुणाकार कोसळतो.

मग हा गुणाकार खरा कधी ठरतो? ग्राफमध्ये, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यात, एका बिंदूपासून निघून कोणतीही रेषा दोनदा न वापरता परत तिथेच आलो की चक्र होतं. सगळ्यांत लहान चक्रात जितक्या रेषा, तितका त्या ग्राफचा गर्थ. तीन मित्र एकमेकांना ओळखत असतील तर गर्थ ३. गर्थ मोठा असेल, तर जवळपास कुठेही पुनरावृत्ती होत नाही आणि गुणाकार चालतो. पण त्यातून मिळते ती बिंदूंच्या संख्येची किमान मर्यादा.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. प्रत्येक बिंदूला किमान ३ रेषा हव्यात आणि गर्थ ५ हवा, म्हणजे त्रिकोणही नको आणि चौकोनही नको. कोणताही बिंदू ‘अ’ घ्या. त्याचे तीन शेजारी क, ख, ग. हे आपसात जोडलेले नाहीत, नाहीतर त्रिकोण झाला असता. म्हणून प्रत्येकाला ‘अ’ सोडून आणखी किमान दोन शेजारी लागतात. त्यांना आपण त्याची मुलं म्हणू. क आणि ख यांचं एकही मूल सामायिक नसतं, कारण तसं असतं तर अ, क, ते मूल, ख असा चौकोन झाला असता. म्हणजे सहाही मुलं वेगळी. १ + ३ + ६ = १०. दहापेक्षा कमी बिंदूंत हे जमूच शकत नाही.

दहात जमतं का? प्रत्येक मुलाला अजून दोन रेषा हव्यात. सख्ख्या भावंडांना जोडलं तर त्रिकोण होतो. एका मुलाला दुसऱ्या घरातल्या दोन्ही भावंडांशी जोडलं तर चौकोन होतो. तेव्हा प्रत्येक मूल इतर दोन घरांतल्या एकेका मुलाशीच जोडता येतं. क ची मुलं १, २. ख ची ३, ४. ग ची ५, ६. आता १–३, २–४, ३–५, ४–६ जोडा. उरलेल्या दोन रेषांत ५–१ जोडली तर १, ३, ५ चा त्रिकोण होईल. म्हणून ५–२ आणि ६–१. जमलं! बिंदूंची नावं बाजूला ठेवली तर दुसरा पर्यायच नव्हता. हाच पीटरसनचा ग्राफ. डॅनिश गणितज्ञ ज्युलियस पीटरसन यांनी तो १८९८ मध्ये एका वेगळ्याच प्रश्नाच्या संदर्भात मांडला होता.

किमान डिग्री d, म्हणजे प्रत्येक बिंदूला निदान d रेषा, आणि गर्थ ५ असेल, तर हीच मोजणी 1 + d + d(d − 1), म्हणजेच d² + 1 देते. गर्थ ७ असेल तर आणखी एक पिढी मोजायची. गर्थ सम असेल तर बिंदूऐवजी एका रेषेपासून सुरुवात करायची आणि तिच्या दोन्ही टोकांना पिढ्या वाढवायच्या. डिग्री ३ आणि गर्थ ६ साठी २ × (१ + २ + ४) = १४ येतात, आणि १४ बिंदूंचा तसा ग्राफ खरोखर आहे.

आता ओळखींकडे वळू. प्रत्येकाला किमान १०० ओळखी असतील आणि गर्थ ११ असेल, तर पाच पायऱ्यांतच सुमारे ९७० कोटी वेगवेगळी माणसं लागतील. तेवढी माणसं नाहीत. म्हणून दहा किंवा त्याहून कमी ओळखींचं एखादं चक्र असायलाच हवं. त्या गुणाकारातून एवढंच खात्रीनं सिद्ध होतं. कोण कोणापासून किती अंतरावर आहे, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

किमान मर्यादा नेहमी गाठता येते असंही नाही. डिग्री ४ आणि गर्थ ५ साठी मोजणी १७ देते, पण प्रत्यक्षात १९ बिंदू लागतात. असं का, याचं उत्तर हॉफमन आणि सिंगलटन या गणितज्ञांनी १९६० मध्ये बीजगणितातून दिलं. मर्यादा तंतोतंत गाठली, तर कोणत्याही दोन न जोडलेल्या बिंदूंना नेमका एकच सामायिक शेजारी असतो. ही अट ग्राफच्या मॅट्रिक्सचं, म्हणजे कोणते बिंदू जोडलेले आहेत हे १ आणि ० नी दाखवणाऱ्या तक्त्याचं, समीकरण बनते आणि त्याच्या आयगेन मूल्यांत, म्हणजे त्या तक्त्याची ओळख सांगणाऱ्या खास संख्यांत, 4d − 3 चं वर्गमूळ येतं. प्रत्येक आयगेन मूल्य किती वेळा येतं ती संख्या पूर्णांकच हवी, आणि तिथे बहुतेक सगळ्या डिग्री बाद होतात. गर्थ ५ साठी उरतात २, ३, ७ आणि ५७. डिग्री २ चा पंचकोन, ३ चा पीटरसन आणि ७ चा ५० बिंदूंचा ग्राफ आपल्याकडे आहे. डिग्री ५७ साठी ३२५० बिंदू लागतील. तो ग्राफ अस्तित्वात आहे की नाही, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही.