स्टार स्कीमा: फॅक्ट आणि डायमेन्शन टेबलांच्या विभागणीची पार्श्वभूमी

विक्रीच्या डेटा वेअरहाउसच्या, म्हणजे विश्लेषणासाठी एकत्र केलेल्या डेटासाठ्याच्या आकृतीत मध्यभागी आकड्यांचे एक फॅक्ट टेबल आणि त्याच्याभोवती त्या आकड्यांचे संदर्भ देणारी तारीख, उत्पादन, ग्राहक, दुकान अशी डायमेन्शन टेबले दिसतात; ताऱ्यासारख्या या रचनेलाच स्टार स्कीमा म्हणतात. यांतील ‘फॅक्ट’ आणि ‘डायमेन्शन’ या संज्ञा १९६० च्या दशकातील, जनरल मिल्स ही खाद्यपदार्थ कंपनी आणि अमेरिकेतील डार्टमथ ही शिक्षणसंस्था यांच्या संयुक्त संशोधनातून आल्याचे डेटा वेअरहाउसचे तज्ज्ञ राल्फ किम्बॉल यांनी नमूद केले आहे. म्हणजे एडगर कॉड यांनी १९७० मध्ये डेटा परस्परांशी जोडता येणाऱ्या टेबलांत ठेवण्याचे रिलेशनल मॉडेल मांडले, त्याच्या आधीपासूनच विक्रीचे विश्लेषण करणारे लोक आकडे आणि त्यांचे संदर्भ वेगवेगळे धरत होते.

कॉड यांच्या विचारातून पुढे आलेले नॉर्मलायझेशन रोजच्या व्यवहारांसाठी उत्तम ठरले, कारण प्रत्येक माहिती एकाच जागी असल्याने बदलही एकाच जागी करावा लागतो. मात्र कोणत्या विभागात कोणत्या प्रकारचा माल किती खपला हे विचारायचे झाले की त्याच रचनेत टेबलांमागून टेबले जोडावी लागतात. किम्बॉल यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकातून रूढ केलेल्या पद्धतीत उत्पादनाचा ब्रँड आणि प्रकार एकाच डायमेन्शन टेबलात पुनरुक्तीसह ठेवले जातात. हे टेबल फॅक्ट टेबलाच्या मानाने लहान असल्यामुळे ती पुनरुक्ती सहज परवडते.

माझ्या मते या पद्धतीचा खरा गाभा आकृतीच्या आकारात नसून ‘ग्रेन’मध्ये, म्हणजे फॅक्ट टेबलातली एक ओळ नेमके काय सांगते हे आधी ठरवण्यात आहे. समजा, एक ओळ म्हणजे बिलातील एक वस्तू असे ठरले. एका बिलात ५००, ३०० आणि २०० रकमेच्या तीन वस्तू आहेत आणि संपूर्ण बिलावर ६० डिलिव्हरी चार्ज आहे. तो चार्ज तिन्ही ओळींवर जसाच्या तसा लिहिला, तर विक्रीची बेरीज बरोबर १००० येते, पण डिलिव्हरीची १८० दिसते. अहवाल बिनतक्रार चालतो, त्यामुळे वेअरहाउसमधील बेरीज मूळ बिलिंग प्रणालीशी ताडून पाहिल्याशिवाय ही चूक सहसा सापडत नाही.

यावर दोन मार्ग आहेत. चार्ज रकमेच्या प्रमाणात ३०, १८ आणि १२ असा वाटला, तर उत्पादनवार हिशेबही करता येतो. फक्त वाटपाचे हे सूत्र व्यवसायातील जबाबदार मंडळींना मान्य असावे लागते. ते मान्य नसेल, तर एका बिलाला एक ओळ असलेले दुसरे फॅक्ट टेबल काढावे. तारीख, ग्राहक आणि दुकान ही डायमेन्शन टेबले दोन्ही फॅक्ट टेबलांना सामाईक राहतात, पण उत्पादनाचे टेबल बिलाच्या फॅक्टला जोडता येत नाही, कारण एका बिलात अनेक उत्पादने असतात.